तो वजा आला कुठून?

माझी भाची नववीत होती तेव्हाची गोष्ट. सातपूरला आमच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून ती राहते. वडील एमआयडीसीत लेथवर काम करतात, घरात बोलणं दखनी, शाळा मराठी माध्यमाची. एका संध्याकाळी ती चाचणीचा पेपर घेऊन आली आणि माझ्यापुढे ठेवून गप्प बसली. प्रश्न साधा होता. अंतर्वक्र आरशाचं नाभीय अंतर १५ सेमी, वस्तू आरशापासून १० सेमीवर, प्रतिमा कुठे मिळेल आणि ती कशी असेल? तिनं उत्तर काढलं होतं v = -३० सेमी, आणि खाली लिहिलं होतं, ‘प्रतिमा आरशासमोर ३० सेमीवर, वास्तव व उलट.’ त्यावर लाल फुली, बाजूला दोनच शब्द: ‘चिन्ह चुकले.’

मला राग त्या फुलीचा आला नाही. उत्तर चुकलंच होतं. राग आला तो त्याच पानावर खाली काढलेली किरणाकृती पाहून. ती बरोबर होती! वस्तू ध्रुव आणि नाभी यांच्या मधोमध उभी, परावर्तित किरण एकमेकांपासून दूर जाणारे, ते मागे वाढवले तर आरशाच्या पाठीमागे भेटणारे, आणि तिथे एक मोठी, सुलट प्रतिमा तुटक रेषेनं काढलेली. आकृतीला पूर्ण गुण होते. म्हणजे एकाच पानावर वरच्या अर्ध्या भागात प्रतिमा आरशासमोर उलटी लटकत होती आणि खालच्या अर्ध्या भागात आरशामागे सुलट उभी होती. हे ना पोरीला खटकलं, ना तपासणाऱ्याला. एकानं फुली मारली, एकीनं ती मान्य केली, प्रकरण संपलं.

मी विचारलं, “तुझं गणित आणि तुझी आकृती दोघं भांडतायत, दिसत नाही का तुला?”

ती म्हणाली, “मामू, आकृती वेगळा प्रश्न आहे ना. गणितात अंतर्वक्र आरसा असला की सगळं वजा घ्यायचं, असं सांगितलंय.”

‘सगळं वजा.’ हे दोन शब्द म्हणजे आपल्याकडच्या प्रकाशाच्या धड्याची शोकांतिका आहे. माझं भांडण त्यांच्याशी आहे. चिन्ह संकेत हा पाठ करायचा नियम नाही. तो आकृती वाचायचा एक ढंग आहे. आकृतीपासून तोडून तो शिकवला, की उरतो तो मंत्र, आणि मंत्राचा एक शब्द इकडचा तिकडे झाला तर आभासी प्रतिमा वास्तव होते.

हे नीट पाहायचं तर थोडी भूमिती करावी लागेल. घाबरू नका, समरूप त्रिकोणांच्या पलीकडे काही नाही, आणि तेवढे त्रिकोण मुलांना शाळेतच भेटतात.

क्षणभर धन-ऋण विसरा. नुसत्या लांब्या घ्या, पट्टीनं मोजतो तशा. पट्टीवर वजा पाच सेमी कधी असत नाही. वस्तू आरशापासून a अंतरावर, प्रतिमा b अंतरावर, नाभी k अंतरावर. तिन्ही साध्या लांब्या.

पहिली स्थिती: अंतर्वक्र आरसा, वस्तू लांब, प्रतिमा आरशासमोर. वस्तूच्या टोकाकडून एक किरण ध्रुवावर जातो आणि तेवढ्याच कोनात परततो. त्यातून दोन समरूप त्रिकोण मिळतात आणि सांगतात, प्रतिमेची उंची भागिले वस्तूची उंची म्हणजे b/a. दुसरा किरण अक्षाला समांतर जातो आणि परतताना नाभीतून जातो. त्यातून मिळणारे दोन त्रिकोण तेच गुणोत्तर (b - k)/k एवढं सांगतात, कारण प्रतिमा नाभीच्या पलीकडे b - k एवढ्या अंतरावर आहे. दोन्ही सारखे ठेवा, b नं भागा, आणि हाती येतं:

१/a + १/b = १/k

दुसरी स्थिती: तोच आरसा, पण वस्तू नाभीच्या आत. आता प्रतिमा आरशामागे गेली. ध्रुवावरचा किरण पुन्हा b/a म्हणतो. पण नाभीपासून प्रतिमेपर्यंतचं अंतर आता b - k नाही, b + k आहे, कारण नाभी आरशाच्या एका बाजूला आणि प्रतिमा दुसऱ्या बाजूला. त्यामुळे मिळतं:

१/a - १/b = १/k

तिसरी स्थिती: बहिर्वक्र आरसा, ट्रकच्या बाजूला असतो तसा. नाभीही मागे, प्रतिमाही मागे, आणि प्रतिमा नाभीच्या अलीकडे. तसेच त्रिकोण मांडले तर:

१/a - १/b = -१/k

तीन स्थिती, तीन सूत्रं. निसर्गानं कुठेही चूक केलेली नाही. प्रत्येक सूत्र आपापल्या आकृतीपुरतं खरं आहे. अडचण एवढीच, की कुठलं सूत्र वापरायचं हे ठरवण्याआधी प्रतिमा कुठे पडणार हे तुम्हाला माहीत पाहिजे. आणि तेच तर शोधायचं असतं!

आता चिन्ह संकेत आणा. ध्रुवाला शून्य म्हणा. प्रकाश डावीकडून उजवीकडे येतो आहे. उजवीकडची अंतरं धन, डावीकडची ऋण. शाळेतली संख्यारेषाच मुख्य अक्षावर आडवी टाकली, इतकंच. पहिल्या स्थितीत वस्तू, प्रतिमा आणि नाभी तिन्ही डावीकडे, म्हणून u = -a, v = -b, f = -k. दुसऱ्या स्थितीत वस्तू आणि नाभी डावीकडे, प्रतिमा उजवीकडे: u = -a, v = +b, f = -k. तिसरीत वस्तू डावीकडे, बाकी दोन्ही उजवीकडे: u = -a, v = +b, f = +k. हे त्या तीन सूत्रांत एकेक करून घाला. कागद घ्या, खरंच घालून बघा. तिन्ही ठिकाणी एकच गोष्ट बाहेर पडते:

१/v + १/u = १/f

चिन्ह संकेताचा सगळा हेतू हा आहे. तीन सूत्रांचं एक करणं. वजा कुठून आला? तो आकृतीत बिंदू डावीकडे होता म्हणून आला, दुसरीकडून कुठूनही नाही.

ही युक्ती किती मोलाची आहे हे जाणणारी माणसं होऊन गेली. १६९२ साली विल्यम मॉलिन्यूनं भिंगांवरचा ग्रंथ छापला, त्यात वेगवेगळ्या प्रकारच्या भिंगांसाठी वेगवेगळे नियम सिद्ध केलेले होते. पुढच्याच वर्षी, १६९३ मध्ये, एडमंड हॅलीनं, हो, तोच धूमकेतूवाला, एक निबंध लिहिला आणि दाखवलं, की बीजगणितातली चिन्हं इमानानं सांभाळली तर सगळ्या भिंगांना, येणाऱ्या आणि दूर जाणाऱ्या सगळ्या किरणांना एकच सूत्र पुरतं. त्या निबंधाच्या शीर्षकातच त्यानं या नव्या बीजगणिताची थोरवी गायली आहे. सव्वातीनशे वर्षांपूर्वी त्या माणसानं अनेक नियमांचं ओझं उतरवून ठेवलं. आपण काय केलं? ते एक सूत्र घेतलं आणि त्याच्या भोवती पुन्हा तक्ते बांधले. अंतर्वक्र आरसा: u वजा, f वजा, v वजा, ‘पण आभासी असेल तर अधिक’. बहिर्वक्र आरसा: असं. बहिर्वक्र भिंग: तसं. जे ओझं उतरवायला चिन्हं आली, तेच ओझं आपण चिन्हांचं करून मुलांच्या डोक्यावर परत ठेवलं.

आता भाचीच्या उत्तराकडे या. तिनं नेमकं काय केलं? तिनं u = -१०, f = -१५ घेतलं. हे बरोबर. मग ‘सगळं वजा’ म्हणून सूत्रातल्या v लाही आधीच वजा लावला आणि लिहिलं:

-१/v - १/१० = -१/१५

त्यातून -१/v = १/३०, म्हणून v = -३०. आकडेमोड निर्दोष आहे. चूक एकच, आणि ती फार खोल आहे: जे माहीत नाही त्याला तिनं चिन्ह दिलं. v हे अक्षर आपल्या पोटात स्वतःचं चिन्ह घेऊनच बसलेलं असतं. ते धन निघेल की ऋण, हे सांगण्याचं काम सूत्राचं. तुम्ही आधीच वजा लावलात, की सूत्र मुकाट्यानं त्याच्या उलट चिन्हाचं उत्तर देतं, आणि वाचणारा त्याचा अर्थ उलटा लावतो. नियम सांगायचाच तर एकच सांगा: दिलेल्या संख्यांना चिन्ह लावा, विचारलेल्या अक्षराला लावू नका.

तसं केलं तर काय होतं पाहा. १/v = १/f - १/u, म्हणजे -१/१५ + १/१०, म्हणजे १/३०. v = +३० सेमी. धन, म्हणजे शून्याच्या उजवीकडे, म्हणजे आरशामागे. आरशामागे प्रकाश पोचत नाही, म्हणून आभासी. विशालन m = -v/u = -३०/(-१०) = +३. धन, म्हणजे अक्षाच्या वर, म्हणजे सुलट, तिप्पट उंच. आता हे उत्तर आणि तिची आकृती एकच भाषा बोलतात. लक्षात घ्या, ‘आभासी’ हा शब्द इथे शेवटी आला. आधी जागा कळली, मग त्या जागेवरून प्रतिमेचा प्रकार कळला. तक्त्यानं शिकणारं पोर उलट्या दिशेनं चालतं. त्याला प्रकार आधी माहीत लागतो, मगच तो चिन्ह लावू शकतो.

दहावीत हाच गोंधळ दुप्पट होतो. ‘भिंगे व त्यांचे उपयोग’ हा सातवा धडा येतो आणि सूत्र बदलतं: १/v - १/u = १/f. नववीत अधिक होतं, इथे वजा कसा? विशालनात तर बरोबर उलट: आरशाला m = -v/u, भिंगाला m = v/u. मुलं ही जोडी पाठ करतात, दोन महिन्यांनी अदलाबदल करतात, आणि आपण त्यांना ‘लक्ष नाही’ म्हणतो.

कारण एका वाक्यात सांगता येतं. आरसा प्रकाशाला परत पाठवतो, भिंग पुढे जाऊ देतं. लांब वस्तूची वास्तव प्रतिमा घ्या. लांब्यांचं सूत्र दोन्हीकडे तेच आहे: १/a + १/b = १/k. पण आरशात ती प्रतिमा वस्तूच्याच बाजूला, डावीकडे पडते, तर भिंगात उजवीकडे. म्हणून भिंगासाठी u = -a, v = +b, f = +k घातलं की १/v - १/u = १/f मिळतं. सूत्रातला तो वजा नवा नियम नाही. प्रकाश पलीकडे गेला, एवढीच बातमी तो देतो. विशालनाचंही तसंच. आरशात उलट प्रतिमा वस्तूच्याच बाजूला असते, त्यामुळे v/u धन येतं आणि ‘उलट’ दाखवायला बाहेरून वजा लावावा लागतो. भिंगात उलट प्रतिमा दुसऱ्या बाजूला असते, v/u आपोआपच ऋण येतं, वजा बाहेरून आणायची गरज पडत नाही.

इथे एक शंका हुशार मुलं हमखास विचारतात, आणि तिला उत्तर न देता ‘तसंच असतं’ म्हणून बसवलं जातं. भिंगाला तर दोन्ही बाजूंना नाभी असतात. मग बहिर्वक्र भिंगाचं f धनच का? डावीकडची नाभी घेतली तर ऋण नाही का होणार? प्रश्न अगदी रास्त आहे. उत्तर असं, की f म्हणजे अक्षावरची कुठलीही नाभी नव्हे. खूप लांबच्या वस्तूकडून समांतर किरण आले, तर ते जिथे भेटतात, किंवा जिथून निघाल्यासारखे वाटतात, ती जागा म्हणजे f. म्हणजे f हे अनंत अंतरावरच्या वस्तूच्या प्रतिमेचं v आहे. सूत्रात १/u शून्य करा, v = f लगेच मिळतं. एवढं समजलं की तक्त्याची गरजच राहत नाही. समांतर किरण अंतर्वक्र आरशावर आपटून डावीकडे भेटतात, म्हणून f ऋण. बहिर्वक्र भिंगातून ते उजवीकडे भेटतात, म्हणून f धन. बहिर्वक्र आरशात ते मागून, उजवीकडून आल्यासारखे वाटतात, म्हणून धन. अंतर्वक्र भिंगात ते डावीकडून आल्यासारखे वाटतात, म्हणून ऋण. चार ओळींचा तक्ता एका व्याख्येतून निघाला.

यावर मला दोन उत्तरं ऐकवली जातात. पहिलं: ‘वर्गात साठ पोरं, तासिका पस्तीस मिनिटांची, भूमिती कोण करत बसणार? तक्ता दिला की काम होतं.’ मी शिकवणाऱ्यांची अडचण हसण्यावारी नेत नाही. पण काम होतं का? तीन त्रिकोणांच्या जोड्या दाखवायला एक तासिका लागते. तक्ता पाठ करून घ्यायला, विसरला म्हणून पुन्हा सांगायला, भिंगाचा वेगळा द्यायला आणि परीक्षेआधी दोन्हींची सरमिसळ निस्तरायला किती तासिका लागतात, याचा हिशेब कुणी करतं का?

आणि तक्ता पुढे खोटाही ठरतो. ‘वस्तू नेहमी डावीकडे, u नेहमी ऋण’ आणि ‘अंतर्वक्र भिंगाची प्रतिमा नेहमी आभासी’ ही दोन वाक्यं मुलं बाराव्या इयत्तेपर्यंत छातीशी धरून जातात. तिथे दोन भिंगं एकामागे एक येतात. पहिल्या भिंगानं किरण एका बिंदूकडे वळवले, पण ते भेटण्याआधीच वाटेत १५ सेमी नाभीय अंतराचं अंतर्वक्र भिंग आडवं आलं. किरण ज्या बिंदूकडे निघाले होते तो या भिंगाच्या १० सेमी उजवीकडे आहे. आता या भिंगासाठी वस्तू कुठे? उजवीकडे. u = +१०, f = -१५. मग १/v = -१/१५ + १/१० = १/३०, v = +३० सेमी. अंतर्वक्र भिंगानं पडद्यावर घेता येईल अशी वास्तव प्रतिमा दिली! संख्यारेषा समजलेल्या मुलाला यात काहीच विचित्र वाटत नाही. तक्तावाल्याला वाटतं, पुस्तक चुकलं.

दुसरं उत्तर जास्त विचारी आहे: ‘ही डाव्या-उजव्याची भानगडच सोडा. वास्तव ते धन, आभासी ते ऋण, एवढंच ठेवा.’ इंग्लंडमधल्या शालेय पुस्तकांत ही पद्धत चालत आली आहे आणि ती खोटी नाही. तीत आरसा आणि भिंग दोघांना १/u + १/v = १/f हे एकच सूत्र चालतं, हा तिचा गुणच आहे. कुणी पहिल्यापासून शेवटपर्यंत तीच शिकवत असेल तर माझी तक्रार नाही. पण आपल्या पुस्तकात कार्टेशियन संकेत आहे, सूत्रं त्याच्यावर बेतलेली आहेत, आणि शिकवणीत मात्र ‘वास्तव धन’ असा शॉर्टकट दिला जातो. सूत्र एका घरचं, चिन्ह दुसऱ्या घरचं. आरशाच्या गणितात वास्तव प्रतिमेचं v आपल्या संकेतात ऋण असतं. शॉर्टकटवालं पोर ते धन घालतं, आणि उत्तर पार कुठच्या कुठे जातं. दोन प्रामाणिक पद्धती एकत्र कालवल्या की एक अप्रामाणिक पद्धत तयार होते.

तर मग उपाय? आकृतीला पुन्हा न्यायाधीशाच्या खुर्चीवर बसवा. पण त्यासाठी आकृती मापानं काढलेली हवी. आपल्याकडे ती मुक्त हातानं, रांगोळीसारखी काढतात, म्हणून तिच्याकडून कुणी साक्ष मागत नाही. भाचीचंच गणित चौकटीच्या कागदावर घ्या. १ सेमी म्हणजे ५ सेमी असं प्रमाण धरा. वस्तू ध्रुवाच्या डावीकडे २ सेमीवर, नाभी ३ सेमीवर. वस्तू कागदावर १ सेमी उंच काढा. वस्तूच्या टोकाकडून एक किरण अक्षाला समांतर न्या, आरशावरून तो नाभीतून जाऊ द्या. दुसरा ध्रुवावर न्या आणि अक्षाच्या खालून तेवढ्याच कोनात परत आणा. दोन्ही परावर्तित किरण पट्टीनं मागे, उजवीकडे वाढवा. ते शून्यापासून ६ सेमीवर, ३ सेमी उंचीवर भेटतात. सहा गुणिले पाच, तीस. उजवीकडे. वजा तीस म्हणणाऱ्या उत्तराला इथेच जागेवर पकडता येतं, लाल पेनाची वाट पाहावी लागत नाही.

मात्र यात एक खोच आहे, आणि ती न सांगितल्यामुळे आकृतीवरचा मुलांचा विश्वास उडतो. भाचीनं पहिल्यांदा हे काढलं तेव्हा कंपासनं ६ सेमी त्रिज्येचा सुबक चाप ओढला, वस्तू नीट दिसावी म्हणून २ सेमी उंच घेतली, आणि प्रतिमा ६ ऐवजी जवळजवळ ९ सेमीवर आली. म्हणजे तीसच्या जागी पंचेचाळीस! ती म्हणाली, “बघा मामू, आकृती खोटं बोलते.” आकृती खोटं बोलत नव्हती. सूत्र फक्त अक्षाला लागून जाणाऱ्या किरणांसाठी खरं आहे. गोलाकार आरशावर दूरवर पडणारे समांतर किरण एका बिंदूत भेटतच नाहीत. बसऱ्यात जन्मलेल्या आणि कैरोत काम केलेल्या इब्न अल-हैथमनं गोल आरशांचा अभ्यास करताना हे हजार वर्षांपूर्वी ओळखलं होतं. चाप काढून उंच वस्तू ठेवली, की वरचा किरण चापाला जवळजवळ साडेतीन मिलिमीटर आधीच गाठतो आणि आपण तो बळंच नाभीतून नेतो. म्हणून मापाच्या आकृतीत आरसा ध्रुवातून जाणारी सरळ उभी रेषा म्हणून काढायचा. कुठल्या बाजूला वळलेला आहे हे दाखवायला टोकांना थोडा बाक द्यायचा, बस्स. सरळ रेषेवर वस्तू १ सेमी घ्या नाहीतर २ सेमी, प्रतिमा ६ सेमीवरच येते. हा बारकावा शिकवणाऱ्यानं एकदा सांगितला, तर सूत्र कुठे थांबतं हेही मुलाला त्याच दिवशी कळतं.

आता कुणी म्हणेल, एका वजाबाकीच्या चिन्हासाठी एवढं रान का उठवायचं? एका गुणाचा तर प्रश्न. मग आमच्या घरातलंच सांगतो.

दहावीच्या वर्षी भाचीला फळ्यावरचं दिसेना. डोळे तपासले, नंबर निघाला -२.५०. त्याच महिन्यात तिच्या अब्बूंनाही चष्मा लागला. लेथवर व्हर्नियरच्या बारीक रेषा दिसेनात. त्यांचा नंबर निघाला +२.००. ती दोन्ही चिठ्ठ्या घेऊन माझ्याकडे आली. मी म्हटलं, “आता तूच सांग, एकाला अधिक आणि एकाला वजा का?”

तिला चष्म्याशिवाय ४० सेमीपर्यंतच स्पष्ट दिसतं. म्हणून भिंगानं खूप लांबच्या वस्तूची प्रतिमा ४० सेमीवर, वस्तूच्याच बाजूला आणून ठेवायला हवी. १/u शून्य, v = -४०, म्हणून f = -४० सेमी, म्हणजे -०.४ मीटर. शक्ती म्हणजे मीटरमधल्या नाभीय अंतराचा व्यस्त: -२.५ डायॉप्टर. अब्बूंचं उलट. त्यांना ५० सेमीच्या अलीकडचं स्पष्ट दिसत नाही आणि व्हर्नियर २५ सेमीवर धरायचा आहे. u = -२५, आणि प्रतिमा ५० सेमीवर, तीही त्याच बाजूला, v = -५०. १/f = -१/५० + १/२५ = १/५०. f = +५० सेमी, शक्ती +२.

तिनं हे स्वतः मांडलं, आणि थोडा वेळ कागदाकडे बघत राहिली. मग म्हणाली, “मामू, दोघांचंही v वजाच आहे. दोघांची प्रतिमा आभासीच. तरी माझं f वजा आणि अब्बूंचं अधिक.” बरोबर. ‘आभासी म्हणून सगळं वजा’ म्हटलं असतं तर वडिलांच्या नाकावर लेकीचा चष्मा चढला असता. आणि लेकीला +२.५० चं भिंग दिलं असतं, तर तिचा डोळा जे किरण आधीच पडद्याच्या अलीकडे गोळा करतो ते आणखी अलीकडे आले असते. हवं होतं त्यापासून फरक अडीचचा नव्हे, पाच डायॉप्टरचा पडला असता. फळा सोडा, समोरचं ताटही धूसर झालं असतं.

चष्म्याच्या दुकानात त्या आडव्या रेघेला कुणी ‘चिन्ह चुकले, अर्धा गुण वजा’ म्हणून सोडत नाही. तिथे ती रेघ म्हणजे भिंगाचा आकार असतो, किरणाची दिशा असते, माणसाची नजर असते. वर्गातही ती तेच आहे. पेपर तपासणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं आहे: पुढच्या वेळी ‘चिन्ह चुकले’ लिहायच्या आधी त्याच पानावरच्या आकृतीकडे बोट दाखवणारा एक बाण काढा. पोरगी बाकीचं स्वतः शोधून काढेल. आमच्या पोरीनं काढलं.